व्हिजिटिंग कार्ड आणि ईमेलखालची ती एक ओळ

प्रश्न: मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, नोकरी सोडून ठाणे-कल्याण भागात स्वतःचं काम सुरू केलंय. ईमेलच्या खाली आणि व्हिजिटिंग कार्डावर स्वतःबद्दल पंधरा शब्दांच्या आत काय लिहू? जे लिहितो ते एकतर बायोडेटा वाटतं नाहीतर जाहिरात.

माझी डोंबिवलीत छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, कार्डाचा मजकूर बऱ्याचदा मीच बसून लिहून देते, आणि तुमच्याच लाईनमधल्या एका इंजिनियरचं कार्ड मी दोनदा केलंय म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

आधी हे बघा की तुमचं कार्ड फिरतं कसं. तुम्ही ते सोसायटीच्या सेक्रेटरीला देता, तो त्याचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो "हे ऑडिटवाले, शेजारच्या सोसायटीचं यांनीच केलं". म्हणजे काम मिळतं तेव्हा तुम्ही तिथे नसताच, तुमच्याबद्दल दुसराच कोणीतरी बोलत असतो. तर ओळ अशी हवी की सेक्रेटरीला ती जशीच्या तशी बोलता येईल. मी सगळ्यांना हेच विचारते, ही ओळ दुसऱ्याच्या तोंडी बसते का?

त्या इंजिनियरांनी पहिल्यांदा आणलेला मजकूर असा होता: "बी.ई. सिव्हिल, एम.टेक. स्ट्रक्चर. कन्सल्टिंग इंजिनियर. आरसीसी डिझाईन, स्ट्रक्चरल ऑडिट, रिपेअर्स, वॉटरप्रूफिंग, इंटिरियर, व्हॅल्युएशन. अनुभवी व विश्वासार्ह सेवा." मी तसंच छापून दिलं, माझीही तेव्हा तेवढीच समज होती. काही महिन्यांनी ते परत आले, म्हणाले ताई फोन येतात पण बाथरूमच्या लीकेजचे आणि किचन ट्रॉलीचे येतात, ज्या कामासाठी नोकरी सोडली त्याचा एकही नाही. कार्ड परत वाचलं तेव्हा कळलं की ऑडिट हा शब्द सहा कामांच्या मध्ये दाबला गेलाय आणि वाचणाऱ्याला जे ओळखीचं वाटलं ते त्याने उचललं.

दुसऱ्या वेळी मी त्यांना एकच गोष्ट करायला लावली. शेवटची पाच कामं आठवा आणि समोरच्याने पहिल्या फोनवर काय शब्द वापरले ते लिहून काढा. पाचातले तीन असे होते: "आमची बिल्डिंग जुनी आहे, ऑडिट करायचंय", "महापालिकेची नोटीस आलीय" आणि "तुम्ही रिपोर्ट देणार की दुरुस्तीचं कामपण तुम्हीच घेणार?" हा तिसरा प्रश्न ऐकून मी थांबवलं त्यांना, कारण सगळ्यात कामाची गोष्ट ह्याच्यातच होती. कमिटीला धास्ती असते ती हीच, की जो ऑडिट करतो तोच दुरुस्तीचा ठेकेदार असला किंवा ठेकेदार त्याच्या ओळखीतला असला तर कॉलम खराब नसला तरी खराब दाखवेल. ते स्वतः दुरुस्तीचा ठेका कधीच घेत नव्हते, पण हे कार्डावर कुठेच नव्हतं.

मग आम्ही एकेक शब्द खोडत गेलो. अनुभवी, विश्वासार्ह, दर्जेदार, तत्पर हे सगळे पहिल्याच फेरीत गेले, कारण ते रस्त्यापलीकडच्या इंजिनियरच्या कार्डावरही तसेच्या तसे चालतात. "कन्सल्टंट" पण काढला, त्यावरून ऐकणाऱ्याला काम काय ते कळत नाही. डिग्री नावाच्या शेजारी गेली, महापालिकेचा लायसन्स नंबर नावाखाली बारीक अक्षरात, ते दोन्ही कार्डावर पाहिजेतच पण ह्या पंधरा शब्दांत त्यांना जागा देऊ नका. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कोअर टेस्ट अशा टेस्टची नावं त्यांना फार घालायची होती, मी म्हटलं ती कोटेशनमध्ये घाला, सेक्रेटरी ग्रुपवर "कोअर टेस्टवाले" असं लिहिणार नाहीये.

"१४ वर्षांचा अनुभव" हेही नको म्हटलं. कार्डं हजार छापली की दोन-तीन वर्षं पुरतात आणि आकडा तिथेच राहतो. लिहायचंच असेल तर अमुक सालापासून असं लिहा, ते शिळं होत नाही.

"जुन्या" शब्दावर मात्र बराच वेळ गेला. त्यांना "पंधरा वर्षांवरील इमारती" असं हवं होतं, कारण सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये तसंच आहे, इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा ऑडिट आणि ३० च्या पुढे गेली की तीन वर्षांतून एकदा. बरोबरच आहे, पण हा नियम तोंडपाठ असलेला सेक्रेटरी शंभरात एखादा, बाकीच्यांना आपली बिल्डिंग "जुनी" झालीय एवढंच कळतं, आणि त्यांनी फोनवर वापरलेला शब्दही तोच होता. म्हणून जुन्याच ठेवला.

शेवटी जे छापलं ते हे:

जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीवर देखरेख. ठेकेदारी करत नाही. ठाणे ते बदलापूर.

मोजून तेरा शब्द. कोणासाठी, काय, आणि कुठे एवढं झालं, आणि मधली तीन शब्दांची "ठेकेदारी करत नाही" ही जी आहे ना ती कमिटीच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या बाबतीत तो प्रश्न वेगळा असू शकतो, तुम्ही ठेका घेत असाल तर हे लिहू नकाच, पण तुमचे फोन आठवून बघा, पैसे ठरायच्या आधी लोक काय विचारून खात्री करून घेतात ते सापडेल. "ठाणे ते बदलापूर"मुळे पनवेलचे फोन बंद झाले हे त्यांनीच नंतर सांगितलं.

एक लक्षात घ्या, पंधरा शब्द ही मर्यादा मराठीत जरा फसवी आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, "सोसायट्यांचे" हा एकच शब्द मोजला जातो पण जागा दोनाची खातो. कार्ड साधारण साडेतीन बाय दोन इंचाचं, कडेची मोकळी जागा सोडली की ओळीला तीन इंचच मिळतात. म्हणून शब्द मोजून झाले की ओळ मोठ्याने वाचा, मध्ये श्वास घ्यावा लागला तर लांब आहे. आणि करतो, आहे, देतो ही क्रियापदं गाळली तरी मराठीत अडत नाही, तिथे दोन शब्द आरामात वाचतात.

बोलताना आपण "सोसायट्यांचं" म्हणतो पण कार्डावर मी "चे" ठेवते, एक तर सोसायटीची पत्रं त्याच भाषेत असतात, दुसरं म्हणजे बारीक अक्षरात, त्यातून गडद रंगावर पांढरं छापलं की अनुस्वाराचा ठिपका बुजतो.

आता ईमेल. ओळ तीच ठेवा, दोन वेगळ्या ओळी केल्या तर लोकांच्या डोक्यात एकही बसत नाही. पण ती टाईप केलेली हवी, कार्डाचा फोटो सिग्नेचर म्हणून लावू नका. फोटो बऱ्याच जणांच्या मेलमध्ये उघडतच नाही किंवा अटॅचमेंट होऊन खाली लटकतो, आणि सहा महिन्यांनी सेक्रेटरी मेलमध्ये "ऑडिट" शोधेल तेव्हा फोटोतला शब्द सापडेलच असं नाही. सगळी मिळून चार ओळी बास: नाव आणि डिग्री, ही ओळ, लायसन्स नंबर, फोन. फोनही अक्षरातच, म्हणजे मोबाईलवर दाबला की लागतो.

जीमेल असेल तर सेटिंगमध्ये सिग्नेचरच्या खाली एक टिक असते, रिप्लायमध्ये सिग्नेचर जुन्या मजकुराच्या वर घालण्याची, ती करा. नाहीतर तुमची ओळ आधीच्या सगळ्या मेलच्या तळाशी जाते आणि तीन टिंबांच्या मागे लपते, आणि तुमची महत्त्वाची बोलणी तर रिप्लायमध्येच होतात. फोनवरच्या ॲपमध्ये सिग्नेचर वेगळी भरायची सोय असते, तीपण उघडून बघा, साईटवरून पाठवलेला मेल त्याच्यातूनच जाणार.

इथे कोणी वकील वाचत असतील तर त्यांनी हे माझं ऐकून तसंच करू नये. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे पाटी किंवा स्टेशनरीवर अमुक प्रकारच्या कामात स्पेशलिस्ट असं लिहिता येत नाही, त्यामुळे "फक्त सोसायटीचे वाद" छाप ओळ चालणार नाही. एका वकील ताईंचं कार्ड मला ह्या कारणाने परत करावं लागलं होतं, तेव्हापासून मी आधी विचारते.

छापायला देताना एवढं कराच. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, आणि आमच्याकडे बऱ्याच प्रेसमध्ये अजून कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीचे युनिकोड नसलेले जुने फॉन्ट चालतात, म्हणजे ऑपरेटर एकतर तो पुन्हा टाईप करतो नाहीतर पेस्ट करतो आणि जोडाक्षरं फुटतात. तुमच्या ओळीत फुटणार ते "स्ट्रक्चरल"मधलं स्ट्र आणि क्च, आणि "दुरुस्ती" हमखास "दुरूस्ती" होऊन येते, दोन्ही उकार ऱ्हस्व पाहिजेत. प्रूफ कर्व्ह केलेल्या, म्हणजे अक्षरांची चित्रासारखी आकृती केलेल्या पीडीएफमध्ये मागा, त्यात फॉन्ट बदलून जायची भीती नसते, आणि स्क्रीनवर मोठं करून बघण्याऐवजी कार्डाच्या खऱ्या मापात कागदावर काढून हातभर अंतरावरून वाचा. देवनागरी आठ पॉइंटच्या खाली नेऊ नका, कमिटीत चष्मेवालेच जास्त असतात.

आणि पहिल्यांदा शंभरच छापा, डिजिटलवर होतात. त्यातलं एक इंजिनियर नसलेल्या कोणाला तरी द्या, पाच सेकंदांनी परत घ्या आणि म्हणा, आता माझ्याबद्दल तुमच्या सेक्रेटरीला फोनवर सांगा. त्या इंजिनियरांनी हे त्यांच्या सासऱ्यांवर केलं. सासरे म्हणाले, "जुन्या बिल्डिंगा तपासतात, स्वतः काम घेत नाहीत." आम्ही त्याच दिवशी बाकीची नऊशे छापायला घेतली.