पासवर्ड मॅनेजर पहिल्यांदाच घेतेय. मास्टर पासवर्ड विसरले किंवा मला काही झालं, तर घरच्यांनी काय करायचं?

मास्टर पासवर्ड कंपनीकडे नसतोच, म्हणून विसरलात तर कंपनी तो परत देऊ शकत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द निवडा, उदाहरणार्थ `bhakri-jina-chhatri-ghubad-tambe` (हेच वापरू नका). कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा. पहिला आठवडा बोटाचा ठसा न वापरता रोज हाताने टाइप करा, मग तो बोटांत बसतो.

घरच्यांसाठी मी बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरचं सांगतो, कारण दहिसरला दादाचं मीच लावून दिलं. आपत्कालीन प्रवेशाची सोय त्यात प्रीमियमवर मिळते. ज्याला नेमता त्याला मोफत खातं पुरतं. दादाने वहिनीला आमंत्रण पाठवलं, तिने स्वीकारलं, आणि दोघांना वाटलं झालं. दोन महिन्यांनी मी पाहिलं तर तिच्या नावापुढे `Needs confirmation`! स्वीकारल्यावर दादाने पुन्हा आत जाऊन मंजुरी द्यायची राहिली होती. त्या दिवसांत काही घडलं असतं तर वहिनीला काहीच उघडता आलं नसतं. ही तिसरी पायरी नक्की तपासा.

प्रतीक्षेची मुदत आम्ही 7 दिवस ठेवली. वहिनीने विनंती केली की दादाला ईमेल येतो आणि तो ती नाकारू शकतो. सात दिवस उत्तर नाही आलं, तर तिला आपोआप प्रवेश मिळतो. अधिकार फक्त `View` द्या, पासवर्ड पाहायला तेवढा पुरे. `Takeover` मध्ये समोरची व्यक्ती तुमचा मास्टर पासवर्डच बदलू शकते.