गेटवेने स्लॅब खाली आणला, पैसेही उशिरा येतात: हक्क कुठे आणि किती?

प्रश्न: मी स्वतःच्या वेबसाइटवरून घरसजावटीच्या वस्तू विकते. पेमेंट गेटवेच्या दरपत्रकात लिहिलंय की महिन्याला ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारांना २ टक्के, ५ लाखांच्या वर गेल्यास १.७५ टक्के आणि पैसे टी+२ ला, म्हणजे व्यवहारानंतर दोन दिवसांनी. गेल्या महिन्यात ग्राहकांनी ६,१०,००० रुपये भरले, त्यातले ६४,००० परत करावे लागले. तरी कंपनी म्हणते तुमचा व्हॉल्यूम ४,७७,००० च झाला. सगळ्यावर २ टक्के कापले आणि या महिन्यापासून न कळवता पैसे टी+५ ला देतात. फोनवर ‘करारात तसंच आहे’ एवढंच उत्तर मिळतं. कापलेले पैसे आणि जुनी मुदत परत मिळेल का? सेटलमेंट रिपोर्ट सोबत जोडला आहे.

उत्तर: आधी ४,७७,००० हा आकडा आला कुठून ते पाहू, कारण सगळा वाद त्यातच आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत जमा झालेले ९१,००० रुपये पुढच्या महिन्यात तुमच्या बँकेत गेलेले दिसतात. उलट, त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरीचे २२,००० या महिन्यात आले. ६,१०,००० मधून परत केलेले ६४,००० वजा करा, ९१,००० वजा करा, २२,००० मिळवा. बरोबर ४,७७,००० उरतात. म्हणजे कंपनीने ग्राहकाने पैसे भरल्याची तारीख धरलेली नाही, तुमच्या खात्यात पैसे वळते झाल्याची तारीख धरली आहे. भरल्याची तारीख धरली तर परतावा वजा जाऊनही ५,४६,००० होतात आणि तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये बसता.

यातली कुठली तारीख बरोबर, हे कायदा ठरवत नाही, करारातली व्याख्या ठरवते. तुम्ही खातं उघडताना ज्या अटींवर ‘मान्य’ केलं त्यांत व्हॉल्यूम, मासिक उलाढाल किंवा तशा शब्दाची व्याख्या शोधा. ‘सेटल झालेली रक्कम’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर शुल्काबाबतचा तुमचा दावा जवळजवळ संपला. व्याख्याच नसेल आणि दरपत्रकात नुसतं ‘व्यवहार’ म्हटलं असेल, तर तुमची बाजू चांगली आहे. सर्वसामान्य माणूस व्यवहार म्हणजे ग्राहकाने पैसे भरणं असंच समजतो, आणि संदिग्ध कलमाचा अर्थ ते कलम लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा हे तत्त्व भारतीय न्यायालयं मानतात. मात्र त्यावर फार भिस्त ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट खटल्यात अन्याय्य करारकलम रद्द ठरवलं खरं, पण दोन्ही बाजू व्यापारी असतील आणि करार व्यापारी असेल तिथे हे तत्त्व लागू होणार नाही, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. तुम्ही लहान असलात तरी कायद्याच्या नजरेत व्यापारीच आहात.

दरपत्रकाचं पान आणि करार यांत फरक असेल तर कुणाचं चालतं? बहुतेक करारांत ‘या दस्तऐवजाशी विसंगत काही असल्यास हा दस्तऐवज ग्राह्य’ असं कलम असतं. म्हणून दरपत्रकाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, पण एकट्या त्यावर अवलंबून राहू नका. खातं उघडतानाच्या अटींची त्या तारखेची प्रत कंपनीकडून ईमेलने मागवा. अशा अटी वेळोवेळी बदलतात आणि आज वेबसाइटवर दिसते ती तुम्ही मान्य केलेलीच आवृत्ती असेल असं नाही.

आता किती पैशांचा प्रश्न आहे? जीएसटी बाजूला ठेवू. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट सहसा मिळतं. ६,१०,००० वर २ टक्क्यांनी १२,२०० रुपये कापले गेले. सगळ्या रकमेवर १.७५ टक्के लागायला हवे होते असं मानलं तर १०,६७५ झाले असते, म्हणजे फरक १,५२५ चा. पण स्लॅबचा दुसराही अर्थ निघतो: पहिल्या ५ लाखांवर २ टक्के आणि फक्त वरच्या १,१०,००० वर १.७५ टक्के. मग १०,००० अधिक १,९२५, असे ११,९२५ होतात आणि फरक उरतो अवघा २७५ रुपयांचा. तुमच्या दरपत्रकातलं ‘५ लाखांच्या वर गेल्यास’ हे दोन्हीकडे ओढता येतं. तिसरी शक्यताही असते: या महिन्याचा व्हॉल्यूम पाहून कमी दर पुढच्या महिन्यापासून लावायचा. गेटवे प्रत्येक व्यवहारावर त्या दिवशी लागू असलेला दर कापतं, त्यामुळे मागे जाऊन फरक परत देण्याऐवजी पुढच्या महिन्यापासून दर बदलणं कंपनीला सोपं पडतं. करारात तसं असेल तर गेल्या महिन्याचा परतावा मिळणार नाही, पण चालू महिन्यात १.७५ टक्के दर लागायला हवा होता, असा तुमचा दावा राहील.

एक गोष्ट अजून तपासा. तुमच्या ६,१०,००० मधले किती यूपीआयने आले? काही प्लॅनमध्ये यूपीआयची रक्कम व्हॉल्यूममध्ये धरत नाहीत, काहींमध्ये तिचा दर वेगळा असतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंट स्वीकारल्याबद्दल विक्रेत्याकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. गेटवे त्यावर जे घेतं त्याला प्लॅटफॉर्म फी किंवा सेवाशुल्क म्हटलेलं असतं. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेच्या ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने एमडीआरला मर्यादा घातली. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर ०.९० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. म्हणून बिलाचा माध्यमनिहाय तपशील मागा आणि कोणती रक्कम कोणत्या नावाखाली कापली ते पाहा. डेबिट कार्डावर ‘एमडीआर २ टक्के’ असं छापलेलं आढळलं तर तो मुद्दा स्लॅबच्या वादापेक्षा बळकट आहे.

परत केलेल्या ६४,००० वर कापलेले १,२८० रुपये मात्र बहुधा येणार नाहीत. परतावा दिला तरी शुल्क परत नाही, हे कलम अशा करारांत सर्रास असतं.

खरा तोटा टी+५ मुळे होतोय. रोज सरासरी २०,३०० रुपये जमा होतात, म्हणजे तीन दिवस वाढल्याने सुमारे ६१,००० रुपये कायम कंपनीकडे अडकून राहतात. तेवढेच पैसे तुम्ही वर्षाला १८ टक्के व्याजाने उचलले तर महिन्याला ९१५ रुपये जातात, आणि ते दर महिन्याला. हे दिवस कामकाजाचे मोजतात, त्यामुळे मध्ये सुट्ट्या आल्या की फरक आणखी वाढतो. आधी एक खात्री करा. बहुतेक गेटवेंकडे टी म्हणजे ग्राहकाने पैसे भरल्याचा दिवस नसून व्यवहार ‘कॅप्चर’ झाल्याचा, म्हणजे विक्रेत्याच्या बाजूने ते पैसे स्वीकारले गेल्याचा दिवस असतो. तुमच्या डॅशबोर्डवर कॅप्चर आपोआप होण्याऐवजी हाताने करायचं असेल आणि तुम्ही ऑर्डर तपासून दोन दिवसांनी करत असाल, तर तेवढा उशीर तुमच्याकडचा आहे. रिपोर्टमधली कॅप्चरची आणि सेटलमेंटची तारीख शेजारी ठेवून दहा-बारा व्यवहार मोजून बघा.

उशीर खरंच कंपनीचा असेल तर इथे तुमची बाजू शुल्कापेक्षा मजबूत आहे. करार अधिनियम १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे झालेला करार बदलायला दोघांची संमती लागते. अटी एकतर्फी बदलण्याचा अधिकार कंपनीने करारातच राखून ठेवला असेल, तरी त्यात सांगितलेली पद्धत पाळावी लागते. ईमेलने कळवू असं लिहिलं असेल तर ईमेल दाखवा, असं तुम्ही म्हणू शकता. दर आणि मुदत ही स्लॅबशी एकत्र जोडलेली असली, तर ‘स्लॅब खाली गेला म्हणून मुदत आपोआप बदलली’ असा बचाव येईल. तेव्हा खालच्या स्लॅबपुढे टी+५ कुठे लिहिलंय ते मागा. शिवाय ग्राहकांचे हे पैसे कंपनीचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पेमेंट ॲग्रीगेटरला, म्हणजे विक्रेत्यांसाठी पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपनीला, ते बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवायला लावलं आणि १५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांतही ती व्यवस्था कायम आहे.

गप्प राहून व्यवहार चालू ठेवणं मात्र धोक्याचं. ‘सेवा वापरत राहणं म्हणजे नव्या अटींना संमती’ असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. म्हणून नोंदणीकृत ईमेलवरून आजच लेखी हरकत घ्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. साधारण असं लिहा:

> दिनांक … पासून सेटलमेंट टी+२ ऐवजी टी+५ ला होत आहे. याची पूर्वसूचना मला मिळालेली नाही आणि हा बदल मला मान्य नाही. सेवा वापरत राहणे ही संमती समजू नये. गेल्या महिन्याचा व्हॉल्यूम ४,७७,००० कोणत्या कलमानुसार मोजला, शुल्काचा माध्यमनिहाय तपशील आणि मी मान्य केलेल्या अटींची प्रत सात दिवसांत द्यावी. जादा कापलेली रक्कम व उशिरा दिलेल्या रकमेवर या तारखेपासून व्याज मागण्याचा हक्क मी राखून ठेवते.

शेवटचं वाक्य गाळू नका. करारात व्याजाची तरतूद नसेल आणि रक्कम ठरावीक तारखेला देय असल्याचं लेखी दस्तऐवजातही नसेल तेव्हा, व्याज कायदा १९७८ नुसार, व्याज मागत असल्याची लेखी सूचना दिल्यापासूनच न्यायालय व्याज देऊ शकतं. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर हेच पत्र कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा. असा अधिकारी नेमणं ॲग्रीगेटरला बंधनकारक आहे आणि त्याचा पत्ता वेबसाइटवर असतो.

त्यापुढे लवादाचं कलम बहुतेक वाट अडवून बसलेलं असेल. लवाद कंपनी एकटीच नेमेल असं त्यात असेल, तर २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर त्याला हरकत घेता येते. पण १,५२५ रुपयांसाठी लवादात जाण्यात अर्थ नाही, फीच त्याच्या कितीतरी पट होईल. ग्राहक आयोगात जाण्यासाठी सेवा केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतली हे दाखवावं लागेल. हाताखाली माणसं असतील तर ते अवघड. मुदत ग्राहक आयोगासाठी दोन वर्षांची, लवाद किंवा दिवाणी दाव्यासाठी तीन वर्षांची आहे आणि प्रत्येक चुकीच्या कपातीपासून ती वेगळी मोजली जाते, म्हणून घाई नाही.

तडजोडीची वेळ आली तर जुना परतावा सोडा आणि पुढच्या अटी ईमेलवर लिहून घ्या: व्हॉल्यूम कॅप्चरच्या तारखेने मोजायचा, यूपीआयसकट, स्लॅब तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरवायचा, आणि खाली आणायचा असेल किंवा मुदत वाढवायची असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या विक्रेत्याला तिमाही सरासरीचं कलम सर्वांत उपयोगी, कारण मग महिनाअखेरीला अडकलेल्या ९१,००० मुळे स्लॅब हलत नाही. कंपनीने नकार दिला तर दुसऱ्या गेटवेकडे जाण्यापूर्वी करारातली नोटिशीची मुदत पाहा आणि जुन्या खात्यातले चालू परतावे संपेपर्यंत त्यात थोडी रक्कम राहू द्या, नाहीतर ग्राहकांचे परतावे लटकतात.