महिन्याचा किराणा : चौघांसाठी किती भरावे?

प्रश्न : आम्ही घणसोलीला नुकतेच राहायला आलो आहोत. आम्ही दोघे नोकरी करतो, दोन मुले शाळेत आहेत. तांदूळ, गहू, डाळ, तेल आणि साखर महिन्याला किती भरावी? कधी बरेच उरते, तर कधी वीस तारखेलाच संपते.

उत्तर : मी ठाण्यात राहते आणि आमचेही कुटुंब चौघांचेच आहे. दुसऱ्याच्या घरची यादी उतरवून घेतली की हमखास चुकते, म्हणून आकड्यांसोबत हिशेबाची रीतही सांगते.

गव्हाचा हिशेब पोळ्यांवरून करावा. मध्यम आकाराच्या पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे एका किलोत 33 पोळ्या होतात. मोठ्यांच्या डब्यात तीन-तीन आणि रात्री दोन-दोन, मुलांच्या डब्यात दोन-दोन आणि रात्री एकेक असे धरले, तर रोजच्या 16 पोळ्या आणि महिन्याला साडेचौदा किलो कणीक होते. चाळताना निघणारा कोंडा धरून 15 किलो गहू घ्यावा. आठवड्यातून दोन दिवस दोन्ही वेळा भाकरीच होत असेल, तर 11 किलो पुरतो. दळण मात्र एकदम आणू नये, कारण गव्हाच्या अंकुरातील तेलामुळे कणीक आपल्याकडच्या दमट उकाड्यात लवकर कडवट होते. पंधरा दिवसांना सात-आठ किलो दळून आणणे बरे.

भात रोज रात्री आणि रविवारी दुपारीही होत असेल, तर एका वेळचे 250 ग्रॅम तांदूळ धरून महिन्याचे साडेआठ किलो होतात. इडली-डोशाचे दीड किलो वेगळे धरले की 10 किलो भरतात. जुना कोलम चांगला फुगतो, त्यामुळे त्याचे प्रमाण थोडे कमी लागते. नवा तांदूळ मऊ आणि चिकट होतो, म्हणून त्याला पाणीही बेताचेच घालावे.

रोजच्या वरणा-आमटीला 100 ग्रॅम डाळ धरली, तर महिन्याला तीन किलो लागते. त्यात दोन किलो तूर आणि अर्धा-अर्धा किलो मूग व मसूर असावी. इडलीच्या दीड किलो तांदळाला तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धा किलो उडीद डाळ लागते. हरभरा डाळ अर्धा किलो घ्यावी. आठवड्यातून दोनदा उसळ होत असेल, तर मटकी, मूग, चवळी, छोले मिळून दीड किलो कडधान्य लागते. माझ्या मते काटकसर करायचीच झाली तर ती इथे करू नये, कारण वाढत्या मुलांच्या ताटात भाताबरोबर वरण-उसळ हवीच.

तेलाच्या बाबतीत बहुतेकांचा हिशेब चुकतो आणि त्याचे एक कारण पिशवीवरच छापलेले असते. भाजीला दोन मोठे चमचे, आमटीच्या फोडणीला एक, नाश्त्याला आणि पोळ्यांना मिळून साधारण अडीच असे धरले, तर रोजचे 80 मिली आणि महिन्याचे 2.4 लिटर तेल होते. एखाद-दोन वेळच्या तळणासह तीन लिटर पुरेसे आहे. आता दुकानात पिशवीचे निव्वळ वजन वाचा. एक लिटर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम असते, पण त्याच आकाराच्या दिसणाऱ्या काही पिशव्यांत 850 किंवा 750 ग्रॅमच तेल असते. 750 ग्रॅमच्या तीन पिशव्या आणल्या, तर तेल अडीच लिटरही भरत नाही आणि जास्त तेल वापरले जात नसतानाही ते महिनाअखेरीस संपते. म्हणून छापील किमतीपेक्षा त्याखाली दिलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर ताडून पाहावा.

साखर चहा-दुधाला रोज 45 ग्रॅम धरली, तर 1.4 किलो होते. शिरा, सरबत आणि पाहुण्यांचा चहा धरून दोन किलो घ्यावी. गणपती-दिवाळीच्या महिन्यात एक किलो वाढवावी.

वाशीच्या दाणाबंदरात कट्ट्याने गहू-तांदूळ घेतले, तर दर कमी पडतो. तो सौदा उन्हाळ्यात करावा. जून ते सप्टेंबर मात्र घरात महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त धान्य ठेवू नये. गहू दाताखाली कडकन फुटला तर तो कोरडा आहे असे समजावे. तो नुसताच चेपला, तर त्यात ओल आहे आणि पावसाळ्यात त्याला टोके लागणार. डब्याच्या तळाशी पिठूळ भुकटी किंवा दाण्यांना बारीक भोक दिसले, तर तेवढाच डबा वेगळा काढून धान्य चाळावे आणि आधी तेच संपवावे.

पहिल्या महिन्यात प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहून ठेवा आणि वीस तारखेला उरलेला माल काट्यावर तोला. तेव्हा एक तृतीयांश शिल्लक असेल, तर तुमचे प्रमाण बरोबर आहे. नसेल, तर जेवढा फरक दिसेल त्याच्या दीडपटीने त्या जिन्नसाचा आकडा पुढच्या महिन्यासाठी कमी-जास्त करावा.