चर्चा, मूल्यमापन, समर्थन: एकाच विषयावरची तीन उत्तरे

"मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्रात सगळे मुद्दे लिहूनही पंधरापैकी सहाच गुण मिळाले. 'चर्चा करा', 'मूल्यमापन करा' आणि 'समर्थन करा' यांत नेमका फरक काय? आम्ही तिन्हींना तेच उत्तर लिहितो."

तुमची शेवटची ओळ वाचून मला माझीच उत्तरपत्रिका आठवली. 'रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन करा' असा पंधरा गुणांचा प्रश्न होता आणि मी सहा पाने भरली होती. 1972 चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासूनची अंमलबजावणी, खर्चासाठी लावलेला व्यवसाय कर, असे सगळे त्यात होते. गुण मिळाले पाच.

छायांकित प्रतीसाठी परीक्षा विभागाच्या खिडकीवर मी चार खेपा घातल्या. प्रत हातात पडली तेव्हा पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत संपून दोन दिवस झाले होते, आणि खिडकीमागच्या गृहस्थांनी "नियम वाचायला हवा होता" एवढेच सांगितले. त्याचा राग अजून गेलेला नाही. मात्र तिसऱ्या पानाच्या समासात परीक्षकांनी पेन्सिलने लिहिलेले 'फक्त वर्णन' हे दोन शब्द पाहिल्यावर अर्ज वेळेत पोहोचला असता तरी गुण वाढले नसते, हेही माझ्या लक्षात आले.

मूल्यमापन म्हणजे मोजणे, आणि मोजायचे तर आधी माप ठरवावे लागते. माझ्या सहा पानांत ते कुठेच नव्हते. आज तेच उत्तर लिहायचे झाले तर पहिल्याच परिच्छेदात मी सांगेन की ही योजना दोन कसोट्यांवर तपासतो: मागेल त्याला काम मिळाले का, आणि त्या कामातून गावात टिकाऊ मालमत्ता उभी राहिली का. पहिल्या कसोटीवर, काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला आणि कामांवर स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय राहिले, ही जमेची बाजू. पण 1988 मध्ये मजुरी वाढल्यानंतर कामाच्या उपलब्धतेवर मर्यादा आल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे, ही उणी बाजू. दुसऱ्या कसोटीवर पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती झाली, मात्र अर्धवट सोडलेली आणि देखभालीविना खराब झालेली कामेही होती. एवढे झाल्यावर निर्णय द्यायचा: दुष्काळात आधार देण्यात योजना बरीच यशस्वी, टिकाऊ विकासात अंशतः. 'योजनेचे काही फायदे व काही तोटे आहेत' हा निर्णय नव्हे. 1972 चा दुष्काळ आणि व्यवसाय कर यांना अशा उत्तरात दोन ओळी पुरतात.

'समर्थन करा' म्हटले की बाजू प्रश्नानेच ठरवून दिलेली असते. तुमचे मत कोणी विचारलेले नसते. 'रोजगार हमी योजना ही केवळ दुष्काळ निवारणाची योजना नव्हती, समर्थन करा' या प्रश्नात सगळा भार 'केवळ' या शब्दावर आहे. दुष्काळात लोक जगले, हे कितीही चांगले लिहिले तरी त्याने विधान सिद्ध होत नाही. हक्काला मिळालेले कायद्याचे रूप, दुष्काळ नसलेल्या वर्षांतही चालू राहिलेली कामे आणि निधीसाठी केलेली कायमची तरतूद, ही कारणे द्यावी लागतात आणि प्रत्येक कारण 'केवळ' या शब्दाशी जोडावे लागते. विरुद्ध बाजू आलीच तर खोडून काढण्यापुरती एका वाक्यात यावी. बारावीच्या अर्थशास्त्रातील 'सहमत आहात किंवा नाही ते सकारण स्पष्ट करा' हा याचाच भाऊ, फक्त तिथे बाजू तुम्हाला निवडावी लागते.

'चर्चा करा' हा शब्द मात्र फसवा आहे. काटेकोर अर्थाने त्यात विषयाचे निरनिराळे पैलू आणि मते एकमेकांसमोर ठेवायची असतात, उदाहरणार्थ शहरांतून गोळा झालेला कर ग्रामीण मजुरीवर खर्च करण्याच्या बाजूने आणि विरोधात काय म्हणता येईल. शेवटी कल सांगितला तरी चालतो, पण भर मांडणीवर असतो. प्रत्यक्षात अनेक प्रश्नपत्रिकांत हा शब्द 'सविस्तर लिहा' एवढ्याच अर्थाने येतो. माझा ठोकताळा असा: विषय वादाचा असेल तर बाजू मांडाव्यात, 'वैशिष्ट्यांची चर्चा करा' असेल तर नीट वर्णन करावे. हे माझे मत आहे, नियम नव्हे. तुमच्या विद्यापीठाच्या आदर्श उत्तरपत्रिका मिळत असतील तर त्यांचा शब्द अंतिम मानावा.

जाता जाता आणखी एक. 'कितपत' हा शब्द दिसला की प्रश्नात 'चर्चा करा' लिहिले असले तरी ते मूल्यमापनच समजावे. आणि प्रश्नपत्रिका द्विभाषिक असेल तर इंग्रजी बाजूही वाचावी, कारण 'जस्टिफाय'चे भाषांतर कधी 'समर्थन करा' तर कधी नुसते 'स्पष्ट करा' असे केलेले मी पाहिले आहे. छायांकित प्रत मागवणार असाल तर पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख आधी लिहून घ्या.