अ‍ॅडमिनचे हक्क माणसाला नव्हे, त्याच्या नावावर चालणाऱ्या प्रोग्रामला मिळतात

प्रश्न: आमच्या ऑफिसात तीस-पस्तीस विंडोज मशीन आहेत. प्रिंटर जोडायचा असो की एखादं सॉफ्टवेअर टाकायचं असो, दर वेळी मला उठून जावं लागतं. मॅनेजर म्हणतात, "सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून टाक ना, आपलीच माणसं आहेत. तुझाही ताप वाचेल." ते टेक्निकल नाहीत. त्यांना साध्या भाषेत कसं समजावू?

उत्तर:

सगळ्यात आधी, "आपलीच माणसं आहेत" या वाक्याला विरोध करू नका. ते खरंच आहे, आणि तुम्ही त्यावर वाद घातलात तर बोलणं माणसांच्या प्रामाणिकपणावर घसरेल. साहेबांना सांगा की माणसांवर माझाही पूर्ण विश्वास आहे. अडचण अशी आहे की अ‍ॅडमिनचे हक्क माणसाला दिले तरी ते त्या माणसापाशी थांबत नाहीत. त्याने लॉगिन केल्यावर त्याच्या नावावर जे जे काही चालतं, म्हणजे ब्राउझर, मेलमधून उघडलेली फाइल, कुठल्यातरी साइटवरून उतरवलेला पीडीएफ कन्व्हर्टर, त्या सगळ्यांना ते मिळू शकतात. आणि ते प्रोग्राम कोणी लिहिले हे आपल्यातल्या कोणालाच माहीत नसतं.

हे त्यांना एका प्रसंगातून दाखवा. अकाउंट्समधल्या मॅडमना ट्रान्सपोर्टरच्या नावाने मेल येतो, सोबत झिप फाइल, नाव "बिल". त्या रोज अशी वीस बिलं उघडतात, हीसुद्धा उघडतात. स्क्रीनवर काहीच दिसत नाही. "फाइल खराब असेल" म्हणून त्या पुढच्या कामाला लागतात. पण आत एक प्रोग्राम सुरू झालेला आहे.

मॅडमचं खातं साधं असेल तर त्या प्रोग्रामला मॅडमना जे करता येतं तेवढंच करता येतं. त्यांच्या फाइली, आणि शेअर्ड ड्राइव्हवर जिथे त्यांना लिहायची परवानगी आहे ते फोल्डर, एवढ्याचं तो नुकसान करू शकतो. ते नुकसान छोटं नाही, आणि हे साहेबांपासून लपवू नका. "साधं खातं दिलं की व्हायरस येणारच नाही" असं सांगितलंत आणि उद्या शेअर्ड फोल्डर लॉक झाला, तर पुढे तुमचं कोणी ऐकणार नाही. पण त्याला अँटिव्हायरस सहजी बंद करता येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. विंडोज फाइलींच्या जुन्या प्रती राखून ठेवत असेल, तर त्या पुसता येत नाहीत. एकाच मशीनवर दुसऱ्या कोणाचं लॉगिन असेल तर त्याच्या खासगी फाइली उघडता येत नाहीत.

तेच खातं अ‍ॅडमिन असेल तर या चारही गोष्टी करता येतात. खंडणी मागणारे प्रोग्राम फाइली लॉक करताना सहसा त्या जुन्या प्रतीही पुसतात, म्हणजे पैसे दिल्याशिवाय परत मिळवायचा मार्ग उरू नये. ते पुसायला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात.

यावर साहेब एक रास्त शंका काढतील: "पण अ‍ॅडमिन असला तरी विंडोज आधी विचारतं ना?" विचारतं. पण साध्या खात्याला ते अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं, आणि अ‍ॅडमिन खात्याला फक्त हो की नाही एवढंच. दिवसातून चार वेळा "हो" दाबायची सवय लागली की पाचव्यांदा कोणी वाचत नाही. शिवाय ती खिडकी न दाखवताच वरचे हक्क मिळवण्याच्या युक्त्या हल्लेखोरांकडे असतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःसुद्धा त्या खिडकीला सुरक्षेची पक्की सीमा मानत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मॅनेजर लोकांचं मत खरंच बदलतं, तो सांगतो. "सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं" म्हणजे प्रत्यक्षात काय केलं जातं? तुमच्याकडे डोमेन असेल, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळली जात असतील, तर सोपा रस्ता एकच असतो: प्रत्येक मशीनच्या `Administrators` गटात `Domain Users` हा सगळ्यांच्या खात्यांचा गट टाकून द्यायचा. एका पॉलिसीत काम होतं. पण त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या मशीनवर अ‍ॅडमिन झाला असा नसतो. प्रत्येकजण प्रत्येकाच्या मशीनवर अ‍ॅडमिन होतो. डिस्पॅचच्या टेबलावर बसून फाइल एक्सप्लोररमध्ये

```
\\ACC-02\C$
```

असं टाकलं, आणि फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंग सुरू असेल, तर अकाउंट्सच्या मशीनचा सगळा सी ड्राइव्ह समोर उघडतो. पगारपत्रक तिथे ठेवलेलं असेल तर तेही. साहेबांच्या लॅपटॉपचंही तेच. हे प्रत्यक्ष करून दाखवायचं असेल तर दोन रिकामी टेस्ट मशीन घ्या आणि साहेबांची आधी परवानगी घ्या. दोन मिनिटं लागतात, आणि नंतर फारसं बोलावं लागत नाही.

माणसाला जे शक्य आहे ते त्या बिलाच्या फाइलमधल्या प्रोग्रामलाही शक्य होतं. हे किती लांब जातं याचं उदाहरण आपल्या दारातलंच आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क त्यात आडवं झालं आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही त्यात अडकलं. नंतर कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये सांगितलं की १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. तोटा कंपनीच्याच अंदाजाने २५ ते ३० कोटी डॉलर.

तो पसरला कसा, हे साहेबांना थोडं सावकाश सांगा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. विंडोजमधल्या एका जुन्या भोकाचा त्याने वापर केला, पण ते भोक बुजवलेली मशीनसुद्धा पडली. कारण त्याच्याकडे दुसराही रस्ता होता. एका मशीनवर अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले की तो मेमरीत पडलेली लॉगिनची माहिती उचलायचा, आणि ती घेऊन शेजारच्या मशीनवर रीतसर अ‍ॅडमिन म्हणून जायचा. तिथे पुन्हा तेच. त्या मशीनच्या दृष्टीने ही घुसखोरी नव्हती, ओळखीच्या खात्याने केलेलं लॉगिन होतं. जिथे प्रत्येक खातं प्रत्येक मशीनवर अ‍ॅडमिन आहे, तिथे असं एकच खातं हाती लागलं की बाकी सगळ्यांची दारं उघडी.

मॅनेजरना त्यांच्याच कामातली एक गोष्ट आठवून द्या. चेकवर सही करायचा अधिकार ऑफिसात दोघांनाच असतो, म्हणून बाकीचे चोर ठरत नाहीत. आणि त्याच दमात हेही सांगा की तुमचं स्वतःचं रोजचं खातंसुद्धा अ‍ॅडमिन नाही. नसेल तर. असेल, तर बोलायला जाण्याआधी ते साधं करून घ्या आणि अ‍ॅडमिनच्या कामासाठी वेगळं खातं ठेवा, ज्यावरून मेल किंवा ब्राउझर कधीच उघडायचं नाही. साहेबांचं खातंही याच नियमात बसवा. सगळ्यांना एकच नियम आहे हे दिसलं की अडवणुकीची भावना राहत नाही.

पण एवढं करून थांबलात तर साहेब म्हणतील, "ते ठीक आहे, पण माझी माणसं प्रिंटरसाठी अर्धा तास बसून राहतात त्याचं काय?" हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर सोबत नेलं नाही तर तुम्ही हरायलाच पाहिजे. आठवडा-दोन आठवडे नोंद ठेवा की तुम्हाला कशाकशासाठी बोलावलं. बहुतेक वेळा तीच तीच दोन-तीन कामं निघतात.

प्रिंटरची कटकट २०२१ पासून वाढली. त्या वर्षी विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत मोठी फट सापडली, आणि ऑगस्टच्या अपडेटपासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन लागू लागला. ऑफिसात ज्या मॉडेलचे प्रिंटर आहेत त्यांचे ड्रायव्हर सगळ्या मशीनवर एकदाच टाकून ठेवा, की जोडताना पासवर्ड मागणं जवळपास थांबतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी आठवतो. तोही अकाउंट्सच्या मशीनवर आधीच घालून ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे सुरू करतानाच पासवर्ड मागणारं जुनं सॉफ्टवेअर. बऱ्याचदा त्याला अ‍ॅडमिन नकोच असतो, फक्त स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये लिहायचं असतं. मग परवानगी तेवढ्या फोल्डरवर आणि तेवढ्याच लोकांना द्या:

```
icacls "D:\AccData" /grant "OFFICE\Accounts:(OI)(CI)M"
```

प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ही परवानगी देऊ नका, फक्त डेटाच्या फोल्डरवर द्या. नाहीतर प्रोग्रामची फाइलच कोणी बदलून ठेवू शकतं.

उरला तुमच्या सुट्टीचा प्रश्न. यासाठी विंडोज लॅप्स वापरा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच येतं. प्रत्येक मशीनच्या लोकल अ‍ॅडमिनला वेगळा पासवर्ड मिळतो आणि तो ठरावीक दिवसांनी आपोआप बदलतो. तुम्ही गावाला असताना अगदीच नड आली तर त्या एका मशीनचा पासवर्ड फोनवर सांगता येतो. वापरल्यानंतर काही तासांत तो बदलावा असंही लावता येतं, आणि तो दुसऱ्या मशीनवर चालतच नाही. ज्यांना खरंच सारखं लागतं, उदाहरणार्थ कोड लिहिणारे कोणी असतील, त्यांना फक्त त्यांच्या मशीनपुरतं दुसरं अ‍ॅडमिन खातं द्या. रोजचं साधंच राहील.

मीटिंगला जाण्याआधी प्रत्येक मशीनवर एवढं चालवून बघा:

```
net localgroup Administrators
```

आज अ‍ॅडमिन कोण कोण आहे त्याची यादी येईल. त्यात नोकरी सोडून गेलेल्यांची आणि कधीतरी "तात्पुरतं" म्हणून टाकलेली नावं निघाली तर ती यादी छापून सोबत न्या, आणि बोलायला तिथूनच सुरुवात करा.