खाडी माझी नाही, तरी याचिका माझी?
दाभोळ खाडीकाठी माझी जमीन नाही, मासेमारीही नाही; बेकायदा वाळूउपशाविरुद्ध मी उच्च न्यायालयात जाऊ शकतो का?

होय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जनहित याचिका घेऊन जाता येते. पूर्वी ज्याचा हक्क बुडाला त्यानेच यावे, असा दंडक होता; सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात न्या. भगवती यांनी तो दोन वाटांनी सैल केला. गरिबीमुळे वा असहायतेमुळे न्यायालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी दुसरा कोणी येऊ शकतो. आणि नुकसान साऱ्या जनतेचे असेल, तर पुरेसे हितसंबंध असलेला कोणताही नागरिक येऊ शकतो. तुमची वाट दुसरी. मात्र फक्त एकाच मच्छीमाराचे जाळे फाटले असेल आणि त्यालाच दाद मागायची नसेल, तर तुम्हाला त्याच्या वतीने जाता येणार नाही. वाळूच्या धंद्यात तुमचा स्वतःचा स्वार्थ दिसला, तरीही याचिका फेटाळली जाऊ शकते.