गहू बंद केल्यावर पोट बरं आहे, पण सिलिॲकची तपासणी निगेटिव्ह आली. मग काय समजायचं? (खानापूर, बेळगाव)

तपासणीआधीच गहू सोडला असेल, तर त्या निगेटिव्हवरून सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, नाही असं ठरत नाही. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी या आजारात तयार होणाऱ्या अँटिबॉडी शोधते आणि गहू थांबला की त्या हळूहळू उतरतात. डॉक्टरांना विचारून ६ ते ८ आठवडे रोज दोन चपात्या खा, मग रक्तातल्या एकूण आयजीए अँटिबॉडीच्या मोजणीसह पुन्हा तपासा. मात्र गहू खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. मग हा चपात्यांचा प्रयोग अजिबात नको. सिलिॲक आणि ॲलर्जी दोन्ही नसले तरच ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी म्हणतात, तिची वेगळी तपासणी नाही. सिलिॲक निघालाच तर जोंधळ्याची भाकरी आयुष्यभर चालेल, पण गिरणीत गव्हावर दळलेलं पीठ नको.